नोशनमध्ये गडांच्या नोंदी लावतोय: टॅग कशाला आणि पान कशाला?

वाटचुकार (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या बारा वर्षांच्या भटकंतीच्या नोंदी गूगल कीपमध्ये पडून होत्या. मोजल्या तर ३१२ निघाल्या. "पाचनईत जेवण सांगून ठेवावं लागतं" अशा एका ओळीपासून दोन पानी वर्णनांपर्यंत सगळं आहे. टेकआउटने त्या एचटीएमएलमध्ये उतरवल्या आणि नोशनमध्ये आणल्या. तिथवर ठीक झालं.

मग मी एक टेबल केलं, सगळ्या नोंदी त्यात ओढल्या आणि टॅग लावत सुटलो. गडाचं नाव टॅग, जिल्हा टॅग, ऋतू टॅग, "पाणी" टॅग, "कातळटप्पा" टॅग, सोबत कोण होतं तेही टॅग. आता ११८ टॅग झालेत आणि हरिश्चंद्रगडाला एप्रिलमध्ये पाणी मिळेल का, एवढं शोधायला मला सात नोंदी उघडाव्या लागतात. कीपमध्येही सातच उघडत होतो. मग एवढा खटाटोप केला कशासाठी?

कोणी अशा नोंदी नीट लावल्या असतील तर सांगा. सुरुवात कुठे चुकली तेवढं कळलं तरी पुरे.

पक्या_मुरबाड

टॅगच्या फंदात पडूच नकोस भावा. सरळ पानात पान टाक. "सह्याद्री" पान, त्यात "ठाणे", "पुणे", "नाशिक", त्यात गडाचं पान, त्यात तुझ्या नोंदी. कपाटात खण असतात तसं. माझं चार वर्षं असंच चाललंय. दुसऱ्या गडाचा उल्लेख आला की `@` दाबून त्याचं पान जोडायचं. त्या पानाच्या शीर्षकाखाली कुठून कुठून जोडलंय ते आपोआप दिसतं. संपला विषय.

वाटचुकार

पक्याभाऊ, हरिश्चंद्रगड कुठल्या खणात ठेवता?

पक्या_मुरबाड

ठाण्यात. बेलपाडा आमच्या मुरबाड तालुक्यात येतं. नळीची वाट तिथूनच चढते.

नोंदवही

पक्या, पाचनई अकोले तालुक्यात आहे, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा. खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, पुणे जिल्हा. बेलपाडा तुमचं. एक गड, तीन जिल्हे. तुमच्या कपाटात तो एकाच खणात राहणार आणि खिरेश्वरहून गेलेला माणूस तो पुण्याच्या खणात शोधत बसणार.

मी ग्रंथालयात तालिकीकरणाचं काम केलंय, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. पुस्तक फडताळात एकाच जागी राहतं, पण त्याची कार्डं लेखकाखाली, नावाखाली, विषयाखाली अशी तीन ठिकाणी लागायची. पानात पान म्हणजे फडताळ झालं. वाटचुकारांना कार्डं हवी आहेत.

वाटचुकार, तुमचं कुठे चुकलं ते मला तुमच्या यादीतच दिसतंय. तुम्ही तीन वेगळ्या जातीच्या गोष्टींना टॅग केलंय.

हरिश्चंद्रगड ही वस्तू आहे. तिच्याबद्दल तुमच्याकडे लिहायला मजकूर आहे: केदारेश्वराची गुहा, कोकणकडा, मुक्कामाची जागा. ज्याच्याबद्दल दोन ओळी लिहाव्याशा वाटतात त्याला स्वतःचं पान द्या. टॅगच्या पोटात काही लिहिता येत नाही, ती नुसती चिठ्ठी असते.

"कातळटप्पा" ही खरी चिठ्ठी. तिच्याबद्दल लिहायचं काही नाही, फक्त "कातळटप्पा असलेल्या सगळ्या नोंदी दाखव" असं कधीतरी म्हणायचंय. तो टॅग राहू द्या.

ऋतू मात्र तारखेतच दडलेला आहे. तो हाताने लावायचाच नाही, कारण एखाद्या नोंदीला लावायचा राहतो आणि मग गाळणीतून ती नोंद निसटते.

वाटचुकार

ताई, हे पटलं. पण पाण्याचं काय? पाण्याचा मजकूर गडाच्या पानावर लिहू ना?

नोंदवही

नाही. तुमच्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"टाक्यात पाणी आहे" हे वाक्य गडाबद्दलचं वाटतं, पण ते तुम्ही गेलात त्या दिवसाबद्दलचं आहे. डिसेंबरात भरलेलं टाकं एप्रिलमध्ये तळाला गेलेलं असू शकतं. गडाच्या पानावर "पाणी: आहे" असं लिहिलंत की तारीख गळून पडते. पुढच्या वेळी दुरुस्त करायला गेलात तर जुनी माहिती पुसली जाते. दोन्हीकडून तोटाच.

म्हणून दोन टेबलं करा. एक "गड": प्रत्येक गडाला एक पान, जे कधी बदलत नाही ते तिथे. दुसरं "भेटी": दर खेपेला एक पान, त्यात तारीख, वाट, पाणी, सोबत कोण. भेटींच्या टेबलात `Relation` जातीचा एक रकाना घ्या, त्याला "गड" नाव द्या आणि तो गडांच्या टेबलाला जोडा. जोडताना दोन्ही बाजूंना दिसण्याचा पर्याय येतो, तो चालू ठेवा. तो बंद राहिला तर भेटीवरून गड दिसतो, पण गडावरून भेटी दिसत नाहीत.

पाण्याचा रकाना भेटींच्या टेबलात. जात `Select` घ्या, म्हणजे एका वेळी एकच पर्याय: भरपूर, तळाशी, कोरडं, पाहिलं नाही. "पाहिलं नाही" हा पर्याय मुद्दाम ठेवा. तो नसला की रिकाम्या घराचा अर्थ पाणी नव्हतं, पाहिलं नाही की लिहायचं राहिलं, हे दोन वर्षांनी तुम्हालाही सांगता येणार नाही.

सुगरण_नाशिक

माझंही अगदी असंच झालंय हो. आईच्या आणि आत्याच्या पाककृती नोशनवर घेतल्या. "उपवास", "गोड", "तिखट", "दिवाळी", "डबा" असे टॅग. आता "साबुदाणा" हा टॅग ठेवू की पान करू? म्हणजे साबुदाण्याबद्दल लिहायला आहे माझ्याकडे, कुठला भिजतो, कुठला चिकट होतो वगैरे. आणि "आत्या" हा टॅग आहे, त्याचंही पान करावंसं वाटतंय आता.

नोंदवही

सुगरणताई, तुम्हीच उत्तर दिलंत की. लिहायला आहे, म्हणजे पान करा. आत्याबाईंचंही करा. "डबा" टॅग राहू द्या.

निवृत्त_पण_व्यस्त

माझ्या प्रवासवर्णनाची साधारण १८० पानं झाली आहेत. नोशनवर छपाईसाठी किमान किती प्रती घ्याव्या लागतात? आणि मुखपृष्ठ आपणच द्यायचं का? कोणाला अनुभव असल्यास कळवावे.

उणेअधिक

काका, तुम्ही नोशन प्रेस म्हणताय, ते चेन्नईचे पुस्तक छापणारे. इथे नोंदी ठेवण्याच्या ॲपबद्दल चाललंय. वेगळा धागा काढा, तिथे नक्की उत्तर मिळेल.

निवृत्त_पण_व्यस्त

अस्सं. तरी म्हटलं छापखान्यात पाण्याचं टाकं कशाला. असो, वाचतोय.

वाटचुकार

😀 काका, थांबा इथेच.

ताई, दोन दिवस बसून ६१ गडांची पानं केली आणि भेटींचं टेबल वेगळं काढलं. पण ३१२ नोंदींना तारखा घालायच्या म्हणजे अंगावर काटा येतोय. नोशनचा `Created time` सगळ्यांना आयातीचाच दिवस दाखवतो.

उणेअधिक

टेकआउटच्या फाइलींची नावं बघ. शीर्षक न दिलेल्या कीपच्या नोंदींना फाइलनाव म्हणून तारीख-वेळच मिळते. म्हणजे निम्म्या नोंदींची तारीख तुझ्याकडे नावातच आहे. पण ती नोंद लिहिल्याची तारीख, गडावर असल्याची नव्हे. रविवारी उतरून मंगळवारी लिहिलं असशील तर दोन दिवसांचा फरक. पाण्यासाठी तेवढा चालतो.

नोंदवही

आणि सगळ्या ३१२ एका बैठकीत लावू नका. न लावलेल्यांना तसंच राहू द्या, फक्त त्या डोळ्यांसमोर राहतील अशी सोय करा. भेटींच्या टेबलाचं एक दृश्य करा, गाळणी अशी: "गड" रकाना रिकामा, म्हणजे `Is empty`. त्याला "बेवारस" नाव द्या. एखाद्या गडावर जायचं ठरलं की त्याचं नाव शोधायचं, सापडतील त्या नोंदी जोडून टाकायच्या. जिथे कधी जाणारच नाही त्या गडाच्या नोंदी पडून राहिल्या तर बिघडलं काय?

आता साचा. नोशनमध्ये पुढची सगळी मजा साच्यात आहे आणि घोटाळाही तिथेच होतो.

गडांच्या टेबलावर निळ्या `New` बटणाशेजारच्या बाणाला टिचकी मारा आणि `New template` घ्या. नाव द्या "गडाचा साचा". आत मथळे मोजकेच ठेवा. मी "कसं जायचं", "पाहण्यासारखं", "सावध" असे तीनच ठेवले असते. त्याखाली `/linked` लिहून भेटींच्या टेबलाचं जोडदृश्य आणा. आता त्या दृश्याला गाळणी लावा: "गड" रकान्यात हे पान असलं पाहिजे. "हे पान" म्हणजे साचा स्वतःच. यादीत "गडाचा साचा" हे नाव दिसेल, तेच निवडायचं. साच्यापासून नवं पान निघालं की नोशन गाळणीतलं साच्याचं नाव काढून नव्या गडाचं घालतो.

हे करताना हमखास चूक होते ती गाळणीत साच्याऐवजी एखादा खरा गड निवडण्याची. ओळखायची खूण अशी की रतनगडाचं पान उघडलं तर खाली हरिश्चंद्रगडाच्या भेटी दिसतात. गाळणीच लावली नसेल तर प्रत्येक गडाखाली सगळ्या ३१२ दिसतील.

वाटचुकार

आणि जी ६१ पानं आधीच केली त्यांना हा साचा लागेल का?

नोंदवही

आपोआप नाही लागणार. साचा बदलला तरी आधी निघालेली पानं आहेत तशीच राहतात. तुमची पानं रिकामी असतील तर पान उघडल्यावर आत साच्याचं नाव दिसतं, त्यावर टिचकी मारली की साचा उतरतो. मजकूर लिहिला असेल तर जोडदृश्य तिथे हातानेच घालावं लागेल. म्हणून आधी तीन गडांवर साचा घासून बघायचा असतो आणि मग बाकीची पानं करायची. तुम्ही उलटं केलंत, आता भोगा. 🙂

वाटचुकार

भोगतो. हरिश्चंद्रगड, रतनगड आणि राजगड घेतले.

हरिश्चंद्रगडाच्या सात नोंदींपैकी चार खऱ्या भेटी निघाल्या: जानेवारी २०१७ नळीची वाट, डिसेंबर २०१९ पाचनई, जून २०२२ खिरेश्वरहून टोलार खिंडीने, एप्रिल २०२३ परत पाचनई. उरलेल्या तीनमध्ये एक नुसता फोन नंबर, एक कोणाकडून तरी ऐकलेली माहिती आणि एक "केदारेश्वराच्या गुहेत चारपैकी एकच खांब शाबूत, पाणी बर्फासारखं". ही शेवटची गडाच्या पानावर "पाहण्यासारखं"खाली गेली, कारण खांब काही दर ऋतूला बदलत नाही. फोन नंबरही गडाच्या पानावर गेला. ऐकीव माहितीचं काय करायचं ते कळेना, ती बेवारसातच ठेवली.

एक गोष्ट आपोआप झाली आणि फार आवडली. गडाच्या पानावरच्या त्या जोडदृश्यात `New` दाबलं तर नव्या भेटीत गडाचं नाव आधीच भरलेलं येतं. गाळणीतली अट नव्या ओळीला लागू होते बहुतेक.

नोंदवही

बरोबर, तसंच आहे.

पक्या_मुरबाड

मी म्हणतो एवढं सगळं करण्यापेक्षा `@` ने जोडलं तर काय वाईट? माझ्या हरिश्चंद्रगडाच्या पानाखाली अकरा दुवे दिसतात. एका टिचकीत उघडतात.

नोंदवही

पक्या, वाचता वाचता उडी मारायला `@` उत्तमच, ते मीही वापरते. रतनगडाच्या नोंदीत "इथून हरिश्चंद्रगडाकडे जाणारी वाट" असं लिहिताना तोच योग्य. पण त्या अकरा दुव्यांतले फक्त उन्हाळ्यातले दाखव, किंवा पाणी कोरडं असलेले वर आण, असं त्याला सांगता येत नाही. दुवा नुसता इकडून तिकडे नेतो, त्याला ना तारखेची खबर ना पाण्याची. `Relation` हा टेबलाचा रकाना आहे, म्हणून त्याच्या आधारे गाळता येतं, मोजता येतं.

तुमच्याकडे अकरा दुवे आहेत तोवर फरक जाणवणार नाही. चाळीस होऊ देत.

पक्या_मुरबाड

चाळीस वेळा हरिश्चंद्रगड? गुडघे तुम्ही देणार का?

उणेअधिक

😀

वाटचुकार, "एप्रिलमध्ये पाणी मिळेल का" हा तुझा मूळ प्रश्न, त्याला भेटींच्या टेबलात `Formula` जातीचा एक रकाना घाल. नाव "महिना":

```
month(prop("तारीख"))
```

मग गडाच्या साच्यातल्या जोडदृश्याला दोन टॅब कर. एक "सगळ्या भेटी", दुसरा "उन्हाळी", त्यात गाळणी: महिना ३ किंवा जास्त, आणि ५ किंवा कमी. दुसऱ्या टॅबलाही गडाची गाळणी पुन्हा लावावी लागते, पहिल्याची लागू होईल असं गृहीत धरू नकोस.

आणि गडांच्या टेबलात `Rollup` घे: रिलेशन "भेटी", रकाना "तारीख", हिशोब `Latest date`. नाव "शेवटची भेट". त्यावर:

```
if(empty(prop("शेवटची भेट")), "गेलो नाही",
  if(dateBetween(now(), prop("शेवटची भेट"), "months") > 24,
    "जुनं", "ठीक"))
```

चोवीस महिन्यांपूर्वीची माहिती असलेले गड लगेच वेगळे दिसतात.

नोंदवही

हे छान, पण "ठीक" या शब्दावर विसंबू नका. गेल्या ऑगस्टमध्ये पावसात जाऊन आलात तर सूत्र "ठीक" म्हणेल, आणि उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल त्या भेटीला काडीचंही ठाऊक नसेल. निर्णयाला "उन्हाळी" टॅब वापरा, सूत्र फक्त धूळ कुठे साचली ते बघायला.

उणेअधिक

मान्य. "ठीक" ऐवजी "अलीकडे गेलो" लिहा मग.

वाटचुकार

केलं. हरिश्चंद्रगडाचं "उन्हाळी" उघडलं तर एकच ओळ आली: एप्रिल २०२३, पाचनई, पाणी "तळाशी". सात नोंदी उघडायच्या राहिल्या. मान गये.

आता एक विचित्र गोष्ट. टॅग ११८ वरून ३४ वर आणले. त्यात "पायऱ्या" हा टॅग दोनदा दिसतोय. अक्षर न् अक्षर सारखं. एकावर नऊ नोंदी, दुसऱ्यावर चार. नोशन एकाच नावाचे दोन टॅग कसे घेऊ देतं?

उणेअधिक

नाव एक नाहीच. डोळ्यांना एक दिसतंय. एक फोनवर टाइप केलास आणि एक लॅपटॉपवर, बरोबर ना?

वाटचुकार

शक्य आहे. फोनवर एक कीबोर्ड, लॅपटॉपवर दुसरा.

उणेअधिक

आपल्या मराठीचा हा खास त्रास आहे. "ऱ्य"मधला तो आडवा रफार दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड "र", हलंत आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. काही सरळ "ऱ" आणि हलंत टाकतात.

```
र्‍  = U+0930 U+094D U+200D
ऱ्  = U+0931 U+094D
```

पडद्यावर एकच आकृती, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. "पायऱ्या", "दऱ्या", "किनाऱ्यावर" सगळीकडे हे होणार. टॅगच्या नावात तर होतंच, शोधतानाही नोंद हाती लागत नाही.

पडताळून बघायचं असेल तर दोन्ही टॅगांची नावं एखाद्या साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये चिकटव, एक नाव घेऊन दुसऱ्यात `Find` कर. सापडलं नाही तर हाच प्रकार.

सुगरण_नाशिक

अगंबाई! म्हणून माझं "पुऱ्या" सापडत नव्हतं! मला वाटलं मीच खोडलं.

वाटचुकार

दोन्ही टॅग एकत्र कसे करू? एकाचं नाव दुसऱ्यासारखं करायला गेलो तर घेत नाही.

नोंदवही

दोन टॅग विलीन करायची सोय मला तरी कुठे दिसली नाही. हातानेच करावं लागतं. चुकीच्या टॅगवर गाळणी लावा, म्हणजे त्या चारच ओळी दिसतील. चारही निवडा, वर येणाऱ्या पट्टीतून त्यांना बरोबर टॅग द्या. आता उलट तपासा: बरोबर टॅगवर गाळल्यावर १३ ओळी आल्या पाहिजेत. आल्या तरच रकान्याच्या पर्यायांत जाऊन चुकीचा टॅग काढा. आधी काढलात तर त्या चार नोंदींवरून तो मुकाट्याने नाहीसा होतो आणि कुठल्या चार होत्या ते कळायला मार्ग उरत नाही.

आणि यापुढे टॅग टाइप करायचाच नाही, यादीतून निवडायचा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

नाव बदलण्याचं म्हणाल तर तिथे `Select`चा फायदाही आहे. माझ्याकडे "अहमदनगर" पर्याय होता. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा पर्यायाचं नाव एका जागी बदललं आणि सगळ्या ओळी बदलल्या. साध्या मजकुराच्या रकान्यात लिहिलं असतं तर एकेक ओळ शोधत बसले असते.

वाटचुकार

जिल्ह्यावरून आठवलं. तो अजून माझ्या गडांच्या टेबलात आहे आणि हरिश्चंद्रगडाला मी तिन्ही जिल्हे लावलेत. "पुणे" गाळलं की हरिश्चंद्रगड येतो, ठीक. पण मग मी पाचनईची वाट वाचायला लागतो आणि ती तर अकोल्याकडची.

नोंदवही

कारण जिल्हा गडाचा नाहीच, पायथ्याच्या गावाचा आहे. म्हणजे तिसरं टेबल: "वाटा". त्यात पाचनई, खिरेश्वर–टोलार खिंड, नळीची वाट, प्रत्येकीचं पान, पायथ्याचं गाव, तालुका, जिल्हा. वाट गडाला जोडलेली, भेट वाटेला जोडलेली.

उणेअधिक

इथे माझा विरोध. ६१ गडांतल्या किती गडांना तुझ्याकडे एकापेक्षा जास्त वाटांच्या नोंदी आहेत?

वाटचुकार

मोजतो… आठ. राजगड, हरिश्चंद्रगड, रतनगड, आणखी पाच.

उणेअधिक

मग आठ गडांसाठी ५३ गडांना "एकमेव वाट" नावाचं एकेक पान करून ठेवणार? दर भेटीला गडही निवडायचा आणि वाटही. तिसऱ्या महिन्यात कंटाळशील आणि रकाना रिकामा राहायला लागेल. भेटीत "पायथा" नावाचा एक `Select` पुरे, आणि जिल्हा कंसात त्याच नावात घाल: "पाचनई (अहिल्यानगर)".

नोंदवही

नळीच्या वाटेवर लिहिण्यासारखं खूप आहे. माझ्याच नियमाने तिला पान हवं.

उणेअधिक

मग नळीच्या वाटेचं एकटं पान कर, टेबल कशाला?

पक्या_मुरबाड

नळीच्या वाटेला कितीही पानं करा, पाऊस सुरू झाला की त्या वाटेला जायचं नाही हे पहिल्या ओळीत ठळक लिहा. आणि ते टॅगमध्ये नको, टॅग कोण वाचतो.

वाटचुकार

पक्याभाऊंचं हे लगेच केलं, "सावध" मथळ्याखाली पहिली ओळ. वाटांच्या टेबलाचं अजून ठरवलं नाही. तूर्त "पायथा" `Select` घेतलाय.

अनुक्रमणिका मात्र झाली. एक पान, नाव "इथून सुरू". वर तीन जोडदृश्यं: गड नावानुसार, "जुनं" ठरलेले गड, आणि बेवारस नोंदी. त्याखाली हाताने लिहिलेल्या बारा ओळी, म्हणजे "पाहुण्यांना न्यायचे गड", "एका दिवसात होणारे" वगैरे, प्रत्येकापुढे `@` ने जोडलेले गड. या बारा ओळी मला टेबलापेक्षा जास्त उपयोगी वाटतायत, हसू नका.

नोंदवही

हसत नाही. कुठलीही गाळणी "पाहुण्यांना न्यायचे गड" काढून देणार नाही.

एक सूचना. त्या पानावरचं जोडदृश्य नको झालं तर बेलाशक काढा, मूळ टेबलाला धक्का लागत नाही. पण काढण्याआधी नावाशेजारी तिरका बाण ↗ आहे ना ते बघा. बाण नसेल तर ते मूळ टेबल आहे. मी एकदा मूळच उडवलं होतं. `Trash`मधून परत मिळालं, तिथे ३० दिवस राहतं, पण ती दुपार मी विसरले नाही.

उणेअधिक

आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून ठेव. `Export`, प्रकार `Markdown & CSV`. फुकटच्या योजनेत पानाचा इतिहास सात दिवसांचाच दिसतो, आठव्या दिवशी चूक लक्षात आली तर मागे जाता येत नाही. बाहेर काढलेल्या प्रत्येक फाइलच्या नावाला ३२ अक्षरांचं शेपूट लागतं, ते बघून घाबरू नकोस. मजकूर नीट येतो. जोडदृश्यं आणि गाळण्या मात्र तशाच्या तशा परत उभ्या राहत नाहीत. म्हणून मी स्वतः साध्या फाइलींवरच आहे, पण तो वेगळा वाद.

निवृत्त_पण_व्यस्त

वाटचुकार, एक शंका. गडावर रेंज नसते. हे सगळं तिथे उघडणार कसं?

वाटचुकार

काका, छापखान्यावरून थेट मुद्द्यावर आलात!

पानाच्या मेनूत `Available offline` चालू करून ठेवलं तर फोनवर उघडतं. पण घरी, वायफायवर असतानाच. आणि आतली पानं आपोआप उतरतात असं धरून चालू नये. मी हरिश्चंद्रगडाचं पान उतरवलं, फोन विमान-मोडवर टाकून बघितलं, तर एप्रिल २०२३ची भेट उघडेना. ती वेगळी उतरवावी लागली. म्हणून निघायच्या आदल्या रात्री गडाचं पान, उन्हाळी भेटी आणि असली तर वाटेचं पान, एवढं उतरवून विमान-मोडवर तपासतो.

पक्या_मुरबाड

आणि एक कागद खिशात. बॅटरी संपते.

सुगरण_नाशिक

नोंदवहीताई, "आत्या"चं पान केलं. पाककृती लावायच्या राहिल्या, तिच्याबद्दलच लिहीत बसले दोन तास. आता एक सांगा, तिची पुरणपोळी आणि आईची पुरणपोळी ही एकच पाककृती धरू आणि दोघींच्या "भेटी" करू, की दोन पानं?

नोंदवही

हं. विचार करून सांगते. दोघींचं पुरण सारखं होतं का?

सुगरण_नाशिक

छे! त्यावरूनच तर घरात भांडणं व्हायची.